सदोष उपकरणाची पहिली तक्रार-मेल: पैसे परतीची तारीख आणि पुरावे डोळ्यांत भरतील अशी कशी लिहावी?

मृण्मयी_क | 11 जून, सकाळी 8:10

नमस्कार. नवा फ्रीज सदोष निघाला आहे आणि विक्रेत्याला पहिली लेखी तक्रार करायची आहे. दुरुस्ती नको, बदलूनही नको, पैसे परत हवेत. मेल आज रात्री पाठवणार आहे. त्याआधी मसुदा इथे टाकते, मोकळेपणाने सुधारा.

घडलं ते असं. ऑनलाइन, कार्डाने पैसे देऊन मागवलेला फ्रीज मंगळवारी, 3 जूनला आला आणि त्याच दिवशी बसवून मिळाला. दोन दिवस ठीक चालला. 6 तारखेला लक्षात आलं की वर फ्रीझरमध्ये बर्फ होतोय, पण खालचा कप्पा थंडच होत नाही. 7 तारखेला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. 9 तारखेला तंत्रज्ञ आले. "बर्फ होतोय म्हणजे मशीन चालू आहे, तुम्ही सामान जास्त भरलंय" असं म्हणून जॉबशीटवर "दोष आढळला नाही" लिहून गेले. त्याच संध्याकाळी मी फ्रीज जवळजवळ रिकामा केला, तरी फरक नाही. परतीची मुदत डिलिव्हरीपासून 10 दिवस आहे.

मसुदा:

> विषय: आपल्या सेवेबद्दल तीव्र नाराजी
>
> महोदय, आम्ही मोठ्या विश्वासाने आपल्याकडून फ्रीज घेतला, पण आल्यापासून मनस्तापच चालू आहे. अनेकदा फोन केले. तंत्रज्ञांनी नीट पाहिलेही नाही. तरी कृपया लवकरात लवकर योग्य ती कारवाई करावी व आमचे पैसे परत मिळावेत ही विनंती. अन्यथा आम्हाला पुढील पावले उचलावी लागतील. सोबत फोटो व व्हिडिओ जोडले आहेत.

खटपट्या | सकाळी 8:32

फार मवाळ आहे. तारीख टाका. "48 तासांत पैसे जमा करा, नाहीतर कोर्टात भेटू" असं थेट लिहा. विषयातच "कायदेशीर नोटीस" घाला, चार कलमं टाका आणि कंपनीच्या सगळ्या मोठ्या लोकांना एकदम मेल करा. तारीख दिल्याशिवाय कोणी हलत नाही, हा माझा अनुभव.

विनया_दे | सकाळी 9:05

मी बरीच वर्षं एका विक्रेत्याच्या तक्रार विभागात काम केलं आहे, त्यामुळे या मेल पलीकडच्या बाजूने कशा वाचल्या जातात ते सांगते.

तुमची मेल पहिल्यांदा जो माणूस उघडतो, त्याच्याकडे निर्णयाचा अधिकार नसतो. तो विषय वाचतो, पहिल्या दोन-तीन ओळी वाचतो आणि पडद्यावरच्या यादीतून एक वर्ग निवडतो: चौकशी, दुरुस्ती, बदली, परतावा, सेवेबद्दल नाराजी. त्या वर्गावर मेल पुढे कुठल्या टेबलावर जाते ते ठरतं. तुमच्या मसुद्याचा विषय "नाराजी" आहे आणि पैशांचा उल्लेख मधल्या एका वाक्याच्या शेपटीला आहे. ही मेल नाराजीच्या वर्गात जाईल, दिलगिरीचं ठरावीक उत्तर येईल आणि फार तर दुसरा तंत्रज्ञ पाठवतील. तोवर परतीची मुदत संपलेली असेल. नंतर मेल कोणी नीट वाचली तरी "ग्राहकाने मुदतीत परतावा मागितला होता" हे त्यातून ठामपणे निघत नाही. "योग्य ती कारवाई" म्हणजे काय ते तुम्ही त्यांच्यावर सोडलं आहे आणि ते त्यांना सोयीचं तेच निवडणार.

म्हणून पहिलं वाक्य मागणीचं हवं. काय हवं, किती, कुठे जमा आणि कोणत्या तारखेपर्यंत. फ्रीज कसा वागला ते त्यानंतर.

खटपट्या, तारीख हवी हे तुमचं अगदी बरोबर. पण 48 तासांत कुठल्याही विक्रेत्याची परताव्याची मंजुरी, वस्तू उचलणं आणि बँकेची प्रक्रिया हे सगळं होत नाही. जी तारीख पाळणं शक्यच नाही तिला समोरचा गंभीरपणे घेत नाही. पुढे प्रकरण तिसऱ्या कोणासमोर गेलं तर तिथेही तुमचीच मागणी अवाजवी दिसते. "कायदेशीर नोटीस" म्हणाल तर आमच्याकडे अशा मेल सरळ विधी विभागाकडे जायच्या आणि परताव्याचं टेबल त्यावरून हात काढून घ्यायचं. पहिल्याच मेलमध्ये तो रस्ता कशाला धरायचा?

शिवार | सकाळी 9:21

माझ्या मिक्सरचंही हेच झालं. तीन वर्षं चालला आणि आता भांडं बसत नाही, कंपनी दाद देत नाही. बिल सापडत नाही. मीपण अशीच मेल टाकू का? पैसे परत मिळतील का?

विनया_दे | सकाळी 9:28

शिवार, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तीन वर्षं चाललेल्या वस्तूला परतीची मुदत लागू होत नाही, तिथे वॉरंटी शिल्लक आहे का आणि दुरुस्ती मिळते का एवढाच प्रश्न. बिल नसेल तर ज्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे दिले त्याचं विवरणपत्र काढा, खरेदीचा तोही पुरावा चालू शकतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे मृण्मयींना आज रात्रीची वेळ गाठायची आहे.

मृण्मयी_क | सकाळी 9:40

विनयाताई, हे फार उपयोगी. मग तारीख कोणती टाकू? "सात दिवसांत" लिहिलं तर चालेल?

विनया_दे | सकाळी 10:02

"सात दिवसांत" मुळीच लिहू नका. कधीपासून सात? तुम्ही पाठवल्यापासून, त्यांनी उघडल्यापासून, की तक्रार पुढच्या टेबलावर गेल्यापासून? सुट्ट्या धरून की कामाचे दिवस? प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो. कॅलेंडरची तारीख, वार आणि वर्ष लिहा: "बुधवार, 25 जून 2025". वार लिहिल्याने आकडा टाइप करताना झालेली चूकही पकडली जाते.

त्याच्या आधीची एक तारीख मात्र याहून महत्त्वाची आहे: परतीची मुदत नेमकी कधी संपते? 3 जूनला डिलिव्हरी झाली. डिलिव्हरीचा दिवस सोडून मोजलं तर दहावा दिवस 13 जून येतो. तोच पहिला दिवस धरला तर 12 जून. दोन्ही पद्धतींनी मोजणारे लोक मी पाहिले आहेत. तुमच्या ऑर्डरच्या पानावर शेवटची तारीख दिसत असेल तर आत्ताच त्याचा स्क्रीनशॉट घ्या, कारण मुदत गेल्यावर ती ओळ कित्येकदा दिसेनाशी होते. परतीच्या अटींचं पानही तसंच साठवून ठेवा, अटी बदलतात. आणि मेल आजच जाऊ द्या, म्हणजे कोणी कसंही मोजलं तरी तुम्ही आतच असाल.

मेलमध्ये हे स्वतंत्र वाक्य हवं: "ही मागणी परतीच्या मुदतीत नोंदवत आहे." तंत्रज्ञांच्या भेटी लांबत जातात, मुदत उलटते आणि मग "आता फक्त वॉरंटीतली दुरुस्ती" असं उत्तर येतं, हे सर्रास घडतं. ते वाक्य त्याला आडवं येतं.

परताव्याच्या तारखेतही एक खाच आहे. "परतावा सुरू केला" आणि "रक्कम खात्यात जमा झाली" यांच्यात बरेच दिवस जाऊ शकतात. 25 तारखेला "सुरू केला" असा संदेश आला तर त्यांच्या लेखी मुदत पाळली गेली. म्हणून "25 जूनपर्यंत रक्कम जमा झालेली असावी" असं लिहा. शिवाय "मूळ पैसे ज्या माध्यमातून दिले त्यातच" हेही लिहा, नाहीतर त्यांच्याच दुकानात खर्च करता येईल अशी शिल्लक हातात पडते.

अभय_शीतयंत्र | सकाळी 10:15

मी फ्रीज दुरुस्तीचं काम करतो. मेल कशी लिहायची ते विनयाताई सांगतीलच, मी पुराव्याचं बोलतो.

बर्फ होतोय आणि खालचा कप्पा गरम, हे अजिबात दुर्मिळ नाही. तुमचा फ्रॉस्ट-फ्री असेल तर थंडावा तयार होतो फ्रीझरच्या मागच्या कॉइलवर आणि पंखा ती हवा वाहिनीतून खाली ढकलतो. पंखा बंद पडला, वाहिनीत बर्फ साचला किंवा मधली झडप अडकली की वर सगळं छान आणि खाली ऊब. म्हणून "बर्फ होतोय म्हणजे मशीन चालू" हा निष्कर्ष अर्धवट आहे.

पण यातलं काहीही मेलमध्ये लिहू नका! "पंखा खराब आहे" लिहिलंत आणि पंखा चांगला निघाला की ते म्हणणार, ग्राहकाने सांगितलेला दोष आढळला नाही. लक्षण लिहा आणि आकडा लिहा. कारण शोधणं त्यांचं काम.

आकडा कसा मिळवायचा ते सांगतो. नासलेल्या दुधाचा फोटो काही सिद्ध करत नाही, दूध बाहेर राहिलं होतं असं कोणीही म्हणेल. साधा डिजिटल तापमापक घ्या. खालच्या कप्प्याच्या मधल्या फळीवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवा आणि तापमापकाची कांडी पाण्यात बुडवा. नुसत्या हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, पाणी सावकाश बदलतं, म्हणून हे वाचन खोडून काढणं कठीण. आत्ता ठेवलंत तर दुपारी पहिलं वाचन घ्या, रात्री दुसरं. मध्ये दार उघडू नका. चालू फ्रीजमध्ये ते 4 अंशांच्या आसपास किंवा खाली यायला हवं.

तापमापकच चुकीचा असं म्हणायला जागा नको म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या. ग्लासभर बर्फ कुटून त्यात थोडं पाणी घाला, ढवळा, पाचेक मिनिटांनी कांडी मध्यभागी धरा. 0 च्या जवळ दाखवायला हवा. त्याचाही फोटो.

मृण्मयी_क | सकाळी 10:31

फ्रॉस्ट-फ्रीच आहे. तापमापक आहे घरात. ग्लास आत्ताच ठेवते. व्हिडिओ काढायचा का?

अभय_शीतयंत्र | सकाळी 10:44

एकच, छोटा, न तोडलेला. सुरुवात आतल्या पट्टीपासून करा जिथे मॉडेल आणि अनुक्रमांक छापलेला असतो, तो स्पष्ट वाचता येऊ द्या. मग कॅमेरा न थांबवता पॅनलवरचं सेटिंग, मग ग्लासातला तापमापक, मग रिकाम्या फळ्या, शेवटी फ्रीजच्या मागची मोकळी जागा. हे वाचन याच यंत्राचं आहे हे त्याने बांधलं जातं. सुटे फोटो कुठल्या फ्रीजचे ते कोण सांगणार? मागची जागा दाखवायची कारण "भिंतीला चिकटवलाय, हवा खेळत नाही" हे पुढचं ठरलेलं उत्तर असतं.

ओंकार_न | सकाळी 11:20

जोडण्यांबद्दल थोडं. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे आणि त्याहून मोठी फाइल आपोआप ड्राइव्हच्या लिंकमध्ये बदलते. मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे 20 एमबीची फाइलही अडकू शकते. समोरच्याची मर्यादा याहून कमी असेल तर मेल परत येते. म्हणून एकूण 8-10 एमबीच्या आत बसवा आणि व्हिडिओ लहान आकारात काढा.

मूळ फाइल मात्र फोनमधून हलवू नका. मेसेजिंग अ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवलेला फोटो दाबला जातो आणि फोटो कधी काढला ती आतली नोंद बहुधा पुसली जाते. केबलने किंवा थेट मेलला जोडून घ्या.

नावं अशी द्या. `IMG_4471` नावाच्या सात फाइल उघडायचा कंटाळा कोणालाही येईल.

```
01_invoice.pdf
02_return_window_screenshot.png
03_serial_plate.jpg
04_jobsheet_09June.jpg
05_thermometer_ice_check.jpg
06_reading_afternoon_11June.jpg
07_reading_night_11June.jpg
08_video_single_take.mp4
```

मेलच्या मजकुरात प्रत्येक दाव्यापुढे त्याच क्रमांकाचा उल्लेख करा. "सोबत फोटो जोडले आहेत" यातून कुठला फोटो काय सांगतो ते कळत नाही. आणखी एक फायदा म्हणजे त्यांच्या प्रणालीत एखादी जोडणी गळून पडली तर क्रमांक तुटलेला लगेच दिसतो.

रेवती_स | दुपारी 12:05

व्हिडिओची लिंकच दिलेली बरी ना? जोडणी जड होते.

विनया_दे | दुपारी 12:18

आमच्याकडे बाहेरच्या लिंक उघडायला मनाई होती. बऱ्याच ठिकाणी असते. लिंक नुसती शोभेला राहते. आणि परवानगी द्यायची राहून गेली की "फाइल उघडत नाही" असं एक उत्तर येतं, त्यात चार दिवस जातात. फोटो जोडायलाच हवेत. व्हिडिओ बसत असेल तर जोडा, नसेल तर लिंक द्या, पण तो नाही पाहिला तरी प्रकरण फोटोंवर उभं राहिलं पाहिजे.

ओंकार_न | दुपारी 12:26

मी लिंकच्या बाजूने थोडा आहे. मोठी जोडणी असलेली मेल काही वेळा कुठेच पोहोचत नाही आणि आपल्याला कळतही नाही. पण अनुभव तुमचा जास्त.

खटपट्या | दुपारी 1:10

बरं, 48 तास सोडले. पण "नाहीतर काय करू" हे लिहायलाच हवं. नुसती तारीख म्हणजे दात नसलेला वाघ.

विनया_दे | दुपारी 1:33

एक वाक्य लिहा, शांतपणे: या तारखेपर्यंत रक्कम जमा न झाल्यास मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे आणि पैसे कार्डाने दिले असल्यामुळे बँकेकडे दाद मागेन. जे खरोखर करणार आहात तेवढंच. बँकेकडे कार्ड व्यवहाराची हरकत घ्यायला त्यांची स्वतःची मुदत असते, ती आजच विचारून ठेवा आणि मेलमधली तारीख तिच्या बरीच अलीकडे राहू द्या. विक्रेत्याची वाट पाहण्यात ती मुदत निघून गेली तर हातातलं मोठं साधन जातं.

रेवती_स | दुपारी 1:50

माझं मत वेगळं आहे. पहिल्या मेलमध्ये परिणामांची भाषा आली की माणसं बचावात जातात. मी वॉशिंग मशीनच्या वेळी फक्त मागणी आणि तारीख लिहिली, धमकीसारखं काही नाही, आणि पैसे मिळाले. परिणाम दुसऱ्या मेलसाठी राखून ठेवावेत.

विनया_दे | दुपारी 2:04

असंही होतं, नाकारत नाही. सौम्य मेलवर काम करणारा माणूस भेटला तर वाक्य वाया जातं. मुदत अंगावर आली असताना मी ते पहिल्यातच घालेन. मृण्मयी, हे तुम्ही ठरवा.

बाकी, मेल "प्रति"मध्ये विक्रेत्याला जाऊ दे, कारण पैसे तुम्ही त्याला दिलेत. उत्पादक कंपनीला प्रत. पाच वरिष्ठांना एकदम पाठवली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आणि ज्या पत्त्यात `noreply` आहे त्यावर उत्तर पाठवू नका, तिथे कोणी वाचत नाही.

मृण्मयी_क | दुपारी 4:15

बर्फाच्या पाण्यात 0.3 दाखवला. साडेतीन वाजता, म्हणजे पाच तासांनी, खालच्या कप्प्यातल्या ग्लासात 12.4 अंश. सेटिंग 4 वर आहे. पॅनलवर फ्रीझरचे उणे 18 दिसतात.

अभय_शीतयंत्र | दुपारी 4:22

आठ अंशांचा फरक, रिकाम्या फ्रीजमध्ये. सामानाचं कारण संपलं. रात्रीचं वाचन घ्याच, कारण एका वाचनाला "त्या वेळी डीफ्रॉस्ट चालू असेल" म्हणता येतं. डीफ्रॉस्टने थोडा वेळ तापमान चढतं, पण ते दिवसभर वर राहत नाही.

मृण्मयी_क | रात्री 9:20

नऊ वाजताचं वाचन 13.1. परतीच्या पानावर "13 जूनपर्यंत" असं दिसतं, स्क्रीनशॉट घेतला. बँकेची मुदतही विचारली, 25 जूनच्या बरीच पुढे आहे. हा नवा मसुदा. परिणामाचं वाक्य ठेवलं आहे, पण शेवटी.

> विषय: पूर्ण रक्कम परत करण्याची मागणी, 25 जून 2025 पर्यंत – ऑर्डर [क्रमांक] – फ्रीज, अनुक्रमांक [क्रमांक]
>
> वरील ऑर्डरमधील फ्रीज सदोष आहे. पावतीवरील संपूर्ण रक्कम [आकडा], वाढीव वॉरंटीचे [आकडा] धरून, मूळ कार्डावर बुधवार, 25 जून 2025 पर्यंत जमा झालेली असावी, अशी माझी मागणी आहे. ही मागणी मान्य असल्याचे लेखी उत्तर सोमवार, 16 जून 2025, सायंकाळी 6 पर्यंत द्यावे.
>
> ही मागणी मी परतीच्या मुदतीत नोंदवत आहे. आपल्या संकेतस्थळानुसार ती 13 जून 2025 रोजी संपते (जोडणी 02).
>
> दोष: खालचा कप्पा 4 अंशांवर लावूनही थंड होत नाही. 11 जून रोजी रिकाम्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात ठेवलेल्या तापमापकाने दुपारी 3:30 ला 12.4 आणि रात्री 9 ला 13.1 अंश दाखवले (06, 07). तापमापक बर्फाच्या पाण्यात तपासलेला आहे (05). यंत्राची ओळख आणि मांडणी 03 व 08 मध्ये दिसते.
>
> घटनाक्रम:
> 3 जून – डिलिव्हरी, त्याच दिवशी फ्रीज बसवून मिळाला (01).
> 6 जून – दोष प्रथम लक्षात आला.
> 7 जून – फोनवर तक्रार, क्रमांक [क्रमांक].
> 9 जून – तंत्रज्ञांची भेट. "दोष आढळला नाही" अशी नोंद, तापमान मोजले नाही (04). त्याच दिवशी फ्रीज रिकामा केला.
> 11 जून – वरील मोजमापे.
>
> फ्रीज 17 ते 20 जून दरम्यान सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळेत कधीही उचलून न्यावा. उचलण्यास आपल्याकडून उशीर झाल्यास वरील तारीख बदलणार नाही.
>
> 25 जूनपर्यंत रक्कम जमा न झाल्यास मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे व माझ्या बँकेकडे दाद मागेन.
>
> जोडण्या: 01 ते 08, एकूण 8.

विनया_दे | रात्री 9:41

चांगली झाली आहे. वाढीव वॉरंटी आठवणीने घातलीत हे उत्तम, ती वेगळ्या पावतीवर असते आणि फ्रीजचे पैसे आले तरी तेवढे मागेच राहतात. तिची पावती 01 मध्येच दुसरं पान म्हणून जोडा.

एकच भर. "तंत्रज्ञांची आणखी भेट हवी असल्यास माझी हरकत नाही, पण त्याने परताव्याची मागणी मागे घेतली असे होणार नाही" असं एक वाक्य घाला. सरळ नकार दिला तर "ग्राहकाने तपासणी करू दिली नाही" अशी नोंद होते.

खटपट्या | रात्री 9:50

दुसरी भेट कशाला द्यायची? एकदा येऊन गेलेत. परत आले की परत तेच लिहिणार.

अभय_शीतयंत्र | रात्री 9:58

ही भीती खरी आहे. पण येऊ द्या आणि ग्लास-तापमापक त्यांच्यासमोर ठेवा, आकडा जॉबशीटवर लिहायला सांगा. लिहायला तयार नसतील तर सहीच्या शेजारी तुम्ही लिहा: "कप्प्यातील तापमान इतके, वेळ इतकी." मग कागदाचा फोटो. कोरी सही देऊ नका.

मृण्मयी_क | रात्री 10:36

वाक्य घातलं आणि मेल पाठवली. लगेच आपोआप उत्तर आलं, तिकीट क्रमांकासह. जोडण्या पोहोचल्या की नाही ते त्यात नाही.

ओंकार_न | रात्री 10:44

ते उत्तर पीडीएफ करून ठेवा, मेल आज पोहोचल्याचा तोच पुरावा. पाठवलेल्या मेलमधून आठही जोडण्या उघडून पाहा. आणि उद्या त्याच साखळीत एक ओळ टाका: "01 ते 08 जोडण्या मिळाल्याचे कळवावे." नवी मेल सुरू केलीत तर दुसरं तिकीट तयार होईल आणि तारखा दोन ठिकाणी विभागल्या जातील.

मृण्मयी_क | 12 जून, सकाळी 11:15

आत्ता फोन आला होता. "मॅडम, उद्या तंत्रज्ञ पाठवतो, आधी दुरुस्ती करून बघू, नाही झालं तर परताव्याचं पाहू" असं म्हणाले. मी मेलवर लिहून पाठवा म्हटलं, तर फोनवरच सगळं होतं म्हणाले. उद्या 13 तारीख आहे.

विनया_दे | सकाळी 11:27

मग तुम्ही लिहा, त्याच साखळीत, आत्ताच: "आज 12 जून रोजी सकाळी 11 च्या सुमारास आपल्या प्रतिनिधींचा फोन आला. उद्या तपासणीसाठी तंत्रज्ञ येतील असे त्यांनी सांगितले, त्यास मी तयार आहे. दुरुस्तीस मी संमती दिलेली नाही. 11 जूनची परताव्याची मागणी आणि 16 व 25 जून या तारखा कायम आहेत." बोलणाऱ्याचं नाव माहीत असेल तर घाला.

ऑर्डरच्या पानावर परतीची विनंती नोंदवायचं बटण अजून दिसतंय का? मेल गेली असली तरी तिथेही आज नोंद करा. काही ठिकाणी मुदत मोजणारी प्रणाली फक्त तीच नोंद पाहते.

मृण्मयी_क | सकाळी 11:52

बटण होतं. कारणांच्या यादीत "काम करत नाही" निवडलं, खालच्या रकान्यात मेलचा तिकीट क्रमांक लिहिला. परतीच्या विनंतीचा क्रमांक आला, तो मेलच्या साखळीत टाकला. फोनबद्दलचा मजकूरही पाठवला.

रेवती_स | दुपारी 12:20

यादीत "पैसे परत" आणि "बदलून द्या" असे वेगळे पर्याय होते का? मला एकदा फक्त "बदलून द्या" एवढाच पर्याय दिसत होता.

मृण्मयी_क | दुपारी 12:31

हो, पुढच्या पानावर दोन्ही होते आणि "बदलून द्या" आधीच निवडलेलं होतं. मी "पैसे परत" केलं. त्या पानाचा स्क्रीनशॉट `09_return_request_12June.png` नावाने ठेवला आहे.